दोन नद्यांचा धडा सोपा करताना: प्रकल्प नोंदी

१२ जून

शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आमची मराठी शाळा, सहावीचा वर्ग, पट २३. त्यातल्या दोघांसाठी हे काम हाती घेतलंय. नावं लिहीत नाही. वहीत एकीला वेणीवाली म्हणते आणि एकाला सायकलवाला.

वेणीवालीची तपासणी गेल्या वर्षी झाली आहे. कागदावर डिस्लेक्सिया लिहून आलंय. सायकलवाल्याचा कागद नाही, पण वाचनातल्या चुका हुबेहूब तशाच. दोघंही बोलायला लागली की वर्गात पुढे असतात. गणित तोंडी विचारलं तर सायकलवाला माझ्याआधी उत्तर देतो. धडा समोर ठेवला की दोघांची मान खाली.

सुरुवात पाठ्यपुस्तकापासून करायची नाही असं ठरवलंय. आमच्या शाळेची 'आपला तालुका' नावाची पुरवणी आहे, झेरॉक्स काढून वाटतो ती. तिच्यातला नद्यांचा धडा घेते. त्यात काहीही बदललं तरी कुणाची परवानगी लागत नाही, कारण आठ वर्षांपूर्वी तो मीच लिहिला होता.

१४ जून

आज धड्यातलं पहिलं वाक्य मोजलं. माझंच वाक्य, तेव्हा फार आवडलेलं:

> सह्याद्रीच्या पर्वतरांगेत कणकुंबी येथे उगम पावणारी व खानापूर तालुक्यातून पूर्वाभिमुख वाहत जाऊन सौंदत्तीनजीक बांधण्यात आलेल्या नविलतीर्थ धरणामुळे अडवली जाणारी मलप्रभा नदी पुढे कुडलसंगम येथे कृष्णेस मिळते, तर याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमवाहिनी असल्याने गोव्यातून अरबी समुद्रास जाऊन मिळते.

चाळीस शब्द, त्यांतले १७ जोडाक्षरांचे. पण खरी अडचण मोजून झाल्यावर दिसली. हे सगळं कुणाबद्दल चाललंय ते कळायला विसाव्या शब्दापर्यंत थांबावं लागतं. 'पावणारी', 'आलेल्या', 'अडवली जाणारी' ही सगळी विशेषणं आधी येतात आणि मलप्रभा मागाहून. सरावलेला वाचक एवढं डोक्यात धरून ठेवतो. ज्या मुलीची निम्मी ताकद 'पर्वत' हा एक शब्द फोडण्यात जाते, तिनं हे ओझं कुठं ठेवायचं?

१७ जून

दोघांना वेगवेगळं बसवून मूळ वाक्य वाचून घेतलं. घड्याळ लावलं, चुका लिहिल्या, मध्ये टोकलं नाही.

वेणीवाली: दोन मिनिटं पन्नास सेकंद, १४ चुका. 'पर्वत'चं 'पव्रत' झालं. 'धरण'चं 'घरण' झालं, मग थांबून स्वतःच म्हणाली, "घर काय बाई?" 'पूर्वाभिमुख'पाशी 'पुरा... पुरवा...' करून सोडून दिलं. शेवटी विचारलं, म्हादई कुठं जाते? "धरणाकडं."

सायकलवाला तिच्यापेक्षा भरभर वाचतो, पण अंदाजानं. पहिलं अक्षर बघायचं आणि ओळखीचा शब्द ठोकून द्यायचा. 'समुद्रास'चं 'समोर', 'नजीक'चं 'नाजूक'.

'पव्रत'बद्दल थोडं लिहून ठेवते. रफार डोळ्यांना 'व'च्या डोक्यावर दिसतो, पण उच्चारायचा 'व'च्या आधी. पहिली वेलांटीही तशीच: लिहायची अक्षराच्या डावीकडे, बोलायची अक्षरानंतर. डोळ्यांचा क्रम आणि कानांचा क्रम जिथं जुळत नाही, तिथंच ही मुलं घसरतात.

मधल्या सुट्टीत कन्नडच्या मॅडमना विचारलं, तुमच्याकडं कशी वाचते? त्या म्हणाल्या, अर्कावत्तू आलं की तिथंही उलटंच. कन्नडमध्ये तो 'र' अक्षरानंतर लिहितात आणि अक्षराच्या आधी बोलतात. म्हणजे 'पूर्व' हा एकच शब्द दोन्ही लिप्यांत तिला एकाच जागी पाडतो. तिच्या घरचे म्हणतात, दोन-दोन भाषांमुळं पोर गोंधळलीय. कन्नड काढून टाकलं तरी मराठीतला रफार आहेच, हे त्यांना नीट सांगायला हवं.

२१ जून

पहिला मसुदा. शब्द छोटे, वाक्यं छोटी:

> मलप्रभा मोठी नदी आहे. ती कणकुंबीला सुरू होते. ती पूर्वेला जाते. तिच्यावर धरण आहे. ती कृष्णेला मिळते. म्हादई पण इथलीच आहे. ती पश्चिमेला जाते. ती समुद्राला मिळते.

लिहून झाल्यावर स्वतःवर खूष होते. एकही वाक्य चार शब्दांपलीकडे नाही.

२४ जून

मसुदा आपटला, आणि तोही चांगला आपटला.

वाचन सुधारलं यात शंका नाही. वेणीवालीनं सव्वा मिनिटात संपवलं, पाच चुका. पण विचारलं, समुद्राला कोण मिळते? म्हणाली, "ती." कोण ती? बराच वेळ कागदाकडं बघून, "मलप्रभा?" चूक तिची नाही. आठ वाक्यांत मी पाच वेळा 'ती' लिहिलंय, आणि नद्या दोन. छोट्या सर्वनामानं शब्द टळतो, पण वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी मागं जाऊन बघावं लागतं की ही 'ती' कोणाची.

'पण'नं तर वेगळाच घोळ केला. मला म्हणायचं होतं 'म्हादईसुद्धा'. सायकलवाल्यानं ते 'परंतु' धरलं आणि पुढच्या विरोधी गोष्टीची वाट बघत बसला. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं कुठला 'पण' आहे. कागदावर आवाज नसतो. 'सुद्धा' टाळलं होतं ते 'द्ध'साठी. आता 'ही' जोडते नाहीतर वाक्यच बदलते.

सगळ्यांत लागलेली गोष्ट शेवटी. विचारलं, दोन्ही नद्या आपल्याच तालुक्यातल्या, मग एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला का? दोघंही गप्प. मीही मसुद्यात उत्तर शोधलं, नव्हतं. वाक्यं तोडताना 'म्हणून' आणि 'कारण' गळून पडले असतील असं वाटलं. मग मूळ धडा काढून बघितला. तिथं लिहिलंय: म्हादई पश्चिमवाहिनी असल्याने पश्चिमेला जाते. म्हणजे पश्चिमेला जाते म्हणून पश्चिमेला जाते! आठ वर्षं हा धडा शिकवतेय. जड शब्दाच्या पदराआड कारण लपलंय असं वाटत होतं, आणि पदर उचलला तर आत काहीच नाही.

२८ जून

पावसानं दोन दिवस शाळा बंद होती. घरी बसून शब्दांच्या याद्या केल्या.

आधी वाटलं होतं जोडाक्षरं काढून टाकली की झालं. मराठीत ते होत नाही. 'पाणी' सोपं, पण त्याला प्रत्यय लागला की 'पाण्यात'. 'तालुका' सोपा, 'तालुक्यात' नाही. 'खोरे' सोपं आणि 'खोऱ्यात' अवघड. 'च्या' तर प्रत्येक दुसऱ्या ओळीत येणारच. मग चुकांची वही पुन्हा चाळली. 'च्या'वर दोघांची एकही चूक नाही! तो इतक्या वेळा दिसतो की एका चित्रासारखा ओळखीचा झालाय. म्हणजे 'च्या', 'त्या', 'म्हणून' यांच्याशी भांडण नको. अडवतात ते रफाराचे आणि क्वचित दिसणारे शब्द: 'पूर्वाभिमुख', 'पर्जन्यमान', 'पश्चिमवाहिनी'. त्यांना काढते.

दुसरी यादी नावांची. 'मलप्रभा' एकदा कष्टानं वाचायला शिकवलं, की पुढच्या ओळीत ती 'मलप्रभेचा' होते. वेणीवालीला ती दुसरीच कोणी वाटते. 'कृष्णा'चं 'कृष्णेस' तसंच. उपाय फार साधा निघाला: नावापुढं 'नदी' जोडायचं. मलप्रभा नदीचा, कृष्णा नदीला. प्रत्यय 'नदी'ला लागतो, नाव जसंच्या तसं राहतं. शब्द एक वाढतो, वाढू दे.

'उगम' ठेवतेय. तीन सुटी अक्षरं आहेत, आणि परीक्षेत तोच शब्द येणार. अवघड म्हणून विषयाचा शब्दच काढला तर मुलगी धडा वाचेल आणि प्रश्न वाचून अडेल. 'धरण' काढायचा प्रश्नच नाही, ते आधी फळ्यावर 'घर'शेजारी लिहून 'ध' आणि 'घ' बोटानं गिरवून घेते.

३ जुलै

कारण सांगायचं तर उतार सांगावा लागतो. डोंगराचा माथा मध्ये, एका अंगाचं पाणी कृष्णेकडं आणि दुसऱ्या अंगाचं गोव्याकडं. पुस्तकात याला जलविभाजक म्हणतात. तो शब्द मी आणणार नाही.

'उतार' लिहिला आणि नवाच खड्डा समोर आला. सायकलवाल्यानं 'उत्तर' वाचलं. "तिथला उत्तर पूर्वेकडे आहे." भूगोलाच्या धड्यात दिशा चाललेल्या, आणि हा अंदाजानं वाचणारा मुलगा, दुसरं काय वाचणार? शब्द छोटा आहे, जोडाक्षर नाही, तरी या धड्यात अवघड, कारण त्याचा जुळा भाऊ दिशा होऊन फिरतोय. या धड्यात उत्तर दिशेचं काही काम नाही, म्हणून तिथून 'उत्तर' पार हद्दपार केलं. 'उतार' शिकवताना व्हरांड्यात पत्र्याचा तुकडा तिरका धरून तांब्यानं पाणी ओतलं.

पत्रा बघता बघता वेणीवाली म्हणाली, "बाई, हे आमच्या आढ्यासारखं. वरनं पाऊस पडला की थोडं पाणी अंगणात जातंय, थोडं मागं परसात." आमच्याकडची निम्मी घरं कौलारूच. मला आठ वर्षांत सुचलं नाही ते तिनं एका तांब्यात सांगितलं. लगेच वहीत घेतलं. मी 'अर्धे पाणी' असं लिहून घेतलं होतं, तिनं ते 'अधरे' वाचलं. तिचाच 'थोडं' का बदलला मी? 'अर्धे' नको, लेखी 'काही' केलं.

८ जुलै

दुसरा मसुदा. हा टिकेल असं वाटतंय.

> खानापूर तालुक्यात दोन नद्या सुरू होतात. एक आहे मलप्रभा नदी. दुसरी आहे म्हादई नदी.
>
> नदी जिथे सुरू होते, त्या जागेला उगम म्हणतात.
>
> घराच्या आढ्यावर पाऊस पडतो. काही पाणी पुढच्या अंगणात जाते. काही पाणी मागच्या परसात जाते. आपला डोंगर तसाच आहे. त्याला दोन बाजूंना उतार आहे.
>
> मलप्रभा नदीचा उगम कणकुंबी गावात आहे. तिथला उतार पूर्वेकडे आहे. म्हणून मलप्रभा नदी पूर्वेकडे वाहते.
>
> पुढे सौंदत्ती गावाजवळ या नदीवर धरण आहे. धरणाचे नाव नविलतीर्थ. शेवटी मलप्रभा नदी कुडलसंगम इथे कृष्णा नदीला मिळते.
>
> म्हादई नदीचा उगम भीमगडच्या जंगलात आहे. तिथला उतार पश्चिमेकडे आहे. म्हणून म्हादई नदी पश्चिमेकडे वाहते. ती गोव्यातून जाते आणि अरबी समुद्राला मिळते.

मोजले तर बरोबर शंभर शब्द निघाले. चाळिसाचे शंभर! सोपं म्हणजे थोडं, हा समज इथंच संपला. जोडाक्षरांचे शब्द २८, त्यातले पुष्कळ पुन्हा पुन्हा येणारे. सर्वांत लांब वाक्य आठ शब्दांचं.

मलप्रभेचा आणि म्हादईचा परिच्छेद मुद्दाम एकाच साच्यात ठेवलाय: उगम, उतार, म्हणून. कंटाळवाणं वाटतं खरं. माझ्या जुन्या शैलीला तर फारच. पण पहिला साचा एकदा वाचून झाला की दुसऱ्यात फक्त नवे शब्द फोडावे लागतात, रचना पाठच असते. शेवटी एकच 'ती' ठेवली, कारण त्या परिच्छेदात दुसरी नदी नाही.

१२ जुलै

आजचा दिवस छपाईनं खाल्ला.

कुठंतरी वाचलं होतं की अक्षरांत अंतर वाढवलं की या मुलांना सोपं जातं. वर्डमध्ये वाढवलं. इंग्रजीला ठीक असेल, आपल्या अक्षरांची शिरोरेघ तुटली. 'कणकुंबी'चे चार तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा वेगळा शब्द वाटायला लागला. ते परत पहिल्यासारखं केलं. त्याऐवजी दोन शब्दांमध्ये दोन जागा सोडल्या. शब्द सुटा दिसतो, रेघ सलग राहते.

ओळींतलं अंतर मात्र वाढवावंच लागतं. दीडपट ठेवलं तरी वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकल्यासारखा दिसत होता. १.८ केलं. टाइप मुक्ता, आकार १६. डावी कड सरळ, उजवी मोकळी सोडली. दोन्ही कडा जुळवल्या की मधल्या जागा कमीजास्त होतात आणि शब्दांत भोकं पडतात. परिच्छेदांमध्ये एक पूर्ण ओळ रिकामी. वाक्य ओळीच्या शेवटी तुटायचं असेल तर 'कृष्णा' वर आणि 'नदीला' खाली असं नको, म्हणून दोन ठिकाणी हातानं ओळ तोडली.

एवढं करून फाइल झेरॉक्सच्या दुकानात नेली, तर त्यांच्या संगणकावर मुक्ता नव्हता. भलताच टाइप आला, हातानं तोडलेल्या ओळी अर्ध्यावर लोंबायला लागल्या. घरी येऊन पीडीएफ केली, पुन्हा गेले. कागद पांढरा आणि बदामी असे दोन्ही काढले. खरं सांगायचं तर रंगानं वाचनात काही फरक पडलेला मला दिसला नाही. बदामी मुलांना आवडला, एवढंच.

१६ जुलै

कागद सगळ्या वर्गाला वाटला, दोघांनाच नाही. दोघांनाच दिला असता तर मधल्या सुट्टीपर्यंत त्याला टोपणनाव पडलं असतं.

वेणीवाली: शंभर शब्द, तीन मिनिटं पाच सेकंद, सहा चुका. आधी चाळीस शब्दांत १४ होत्या. 'पूर्वेकडे' पहिल्यांदा अडलं, दुसऱ्यांदा नाही. मग तोच प्रश्न: एक पूर्वेला, एक पश्चिमेला का? "उतार दोन बाजूंना हाय म्हणून." कागद न बघता.

सायकलवाल्यानं भरभर वाचलं, चार चुका, आणि रिकाम्या ओळीपाशी दर वेळी थांबला. थांबायचं मी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "इथं संपतंय न्हवं?" मोठ्या परिच्छेदात त्याला थांबायला जागाच मिळत नसते, त्यामुळं तो धापा टाकत शेवट गाठतो.

यावर फार भरवसा ठेवता येत नाही. विषय एव्हाना दोघांच्या कानावरून चार वेळा गेलाय. पत्र्यावरचं पाणीही बघितलंय. वाचून कळलं की ऐकून, हे सांगता येणार नाही.

२२ जुलै

म्हणून आज न शिकवलेला मजकूर दिला. घटप्रभा नदी आणि गोकाकचा धबधबा, त्याच पद्धतीनं लिहिलेला, ६० शब्दांचा. वेणीवालीला नऊ चुका. म्हणजे नद्यांच्या धड्यापेक्षा जास्त, पण तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरं बरोबर. 'धबधबा' हा शब्द मी सोपा समजले होते, जोडाक्षर नाही, रोजचा आहे. तिला 'ध' आणि 'ब' आलटून पालटून आल्यावर कितव्या अक्षरावर आहोत तेच कळेना. बोट ठेवून वाचलं तेव्हा जमलं.

एक गोष्ट दोघांच्या घरच्यांना सांगितली. सोप्या कागदानं धडा कळतो. अक्षर फोडायची अडचण तिथंच राहते. रफाराचा, वेलांटीचा रोज दहा मिनिटं वेगळा सराव चालूच ठेवायचाय.

३० जुलै

मुख्याध्यापक सरांनी कागद बघितला. त्यांचा प्रश्न रास्त होता: "बाई, परीक्षेचा पेपर कोण सोपा करून देणार?"

त्यावर कागदाच्या तळाला एक चौकट घातली. 'पुस्तकात असे लिहितात', आणि खाली तीनच जोड्या: सुरू होते, उगम पावते. इथे, येथे. नदीला, नदीस. तीनच, कारण पाच घातल्या तेव्हा चौकटच नवा धडा झाली होती. आधी सोपा कागद, कळल्यावर चौकट, मग माझं ते जुनं चाळीस शब्दांचं वाक्य. आज वेणीवालीनं त्या वाक्यात पेन्सिलनं मलप्रभा शोधून तिच्याभोवती गोल काढला आणि तिथून मागं-पुढं वाचलं. दहा चुका झाल्या. पण म्हादई धरणाकडं गेली नाही.

मूळ वाक्यातलं 'पश्चिमवाहिनी असल्याने' मी पुरवणीतूनही खोडलंय. तिथं आता आढं आलंय, सगळ्यांसाठी.

६ ऑगस्ट

पुढचा धडा कित्तूरचा. इंग्रजांशी १८२४ मध्ये झालेली लढाई. त्यात माझं वाक्य ५२ शब्दांचं आहे, हे लिहायलाही लाज वाटते. 'कित्तूर'मध्ये 'त्त', 'चन्नम्मा'मध्ये 'न्न' आणि 'म्म' पाठोपाठ. नावं बदलता येत नाहीत. धडा देण्याआधी दोन दिवस ही दोन नावं फळ्याच्या कोपऱ्यात राहतील, आणि कागदावर प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात 'राणी चन्नम्मा' अशीच करणार आहे. 'राणी'ला प्रत्यय लागत नाही, 'चन्नम्मा'ला लागला की 'चन्नम्मांनी' होतं. ते कसं टाळायचं, अजून सापडलेलं नाही.